ताण कुठल्या बाजूला

इमारतींचे आराखडे करणाऱ्या त्या ऑफिसात तिला सगळे वळणबाई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच सुखात राहत होतं. वळणबाई हे नाव मोठ्या साहेबांनी ठेवलेलं. बाई चोवीस वर्षांची असताना ट्रेसिंगच्या, म्हणजे ड्रॉइंग पारदर्शक कागदावर उतरवायच्या, कामाला लागली तेव्हा तिला इमारतींतलं ओ की ठो कळत नव्हतं. रेघ मात्र अशी काढायची की बघणाऱ्यानं हात फिरवून पाहावं. मोठ्या साहेबांनी तिला आपल्या टेबलासमोर बसवलं आणि पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "सळ्या कुठं घालायच्या ते पाठ करू नकोस. आधी वाकव, मग बांध."

म्हणजे काय, ते समजायला तिला दोन वर्षं लागली. खांब असो, तुळई असो, वजन आलं की ते वाकणारच. डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण वाकणारच. वाकलं की एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून ताणाच्या बाजूला लोखंडी सळ्या घालायच्या. कुठं किती वाकणार ते इंजिनिअर गणित करून मोमेंटच्या, म्हणजे वाकवणाऱ्या जोराच्या, आकृतीत दाखवतात. त्या आकृतीवरून वाकलेला आकार पेन्सिलीनं काढायचा, हा वळणबाईचा छंद म्हणा की खोड म्हणा. ड्रॉइंगला हात लावण्याआधी कोपऱ्यात एक चिमुकलं चित्र काढायची: वाकलेले खांब, पोट सोडलेली तुळई. जिथं मोमेंट शून्य होतो, तिथं वळण बाजू बदलतं. तिथं ती बारीक टिंब द्यायची. इंजिनिअर लोक त्या जागेला भारदस्त शब्द वापरत, वळणबाई तिला 'पलटी' म्हणे.

तिचा नवरा शिंपी. भल्याभल्यांची पोटं त्यानं कोटात बसवली होती, त्यामुळे बायकोचं काम आपल्यालाच सगळ्यात जास्त कळतं अशी त्याची समजूत. "तू खांबांची मापं घेतेस, मी माणसांची. वाकतात दोन्ही," असं तो पाहुण्यांसमोर हमखास सांगायचा. आणि वळणबाई हमखास डोळे वटारायची.

मोठे साहेब गेले. ऑफिसात संगणक आले. ड्रॉइंग बोर्ड एकेक करून माळ्यावर चढले. वळणबाई पन्नाशीत माऊस धरायला शिकली आणि तोही असा शिकली की पोरांनी तोंडात बोट घालावं. पण ते कोपऱ्यातलं चिमुकलं चित्र सुटलं नाही. आधी रद्दी कागदावर पेन्सिलीनं वाकवायचं, मग पडद्यावर बांधायचं. चौतीस वर्षांत तिच्या ड्रॉइंगमध्ये सळई चुकीच्या बाजूला गेली, असं एकदाही झालं नव्हतं. साइटवरचे मुकादम ड्रॉइंगच्या खालच्या चौकटीत तिची सही बघायचे आणि पुढं काही विचारायचे नाहीत. वळणबाईला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई तीच होती. निवृत्तीला सात महिने उरले होते. ती कमाई जशीच्या तशी घरी न्यायची, एवढीच तिची इच्छा.

मग नवी इंजिनिअर मॅडम आली. तिशीच्या आतली, हुशार, बोलायला गोड. मोठ्या कॉलेजातून शिकलेली. वळणबाईला मावशी म्हणायची. पहिल्याच महिन्यात तिनं वळणबाईला पेन्सिल घेऊन बसलेलं पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "मावशी, कशाला डोळे फोडून घेता? प्रोग्रॅमच वाकलेला आकार दाखवतो की. एक बटण दाबलं की झालं."

बोलणं प्रेमाचं होतं. लागलं मात्र वर्मी. संध्याकाळी घरी जाऊन वळणबाईनं भांडी जरा जास्तच आवाज करत घासली. शिंप्यानं विचारलं, "कुणावर राग?"

"कुणावर नाही. आता बटणं आलीत. माझी गरज नाही कुणाला."

"बटणं माझ्या दुकानात चाळीस वर्षं आहेत. माझी गरज काही कमी झाली नाही," शिंपी म्हणाला. पण वळणबाईला त्या दिवशी विनोद नको होता.

दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या हॉलचं काम तिच्या टेबलावर आलं. रुंद हॉल, मधे एकही खांब नाही. बारा पोर्टल फ्रेम एकामागे एक: प्रत्येकीत दोन बाजूंना दोन खांब आणि वर एक लांबलचक तुळई, कोपरे एकसंध, खांबांचे पाय जमिनीतल्या पायाभरणीत घट्ट रोवलेले. तुळईच्या सळ्यांचा तक्ता मॅडमनं वर किती, खाली किती असा लिहूनच दिला होता. खांबांसाठी मात्र वेगळा कागद होता आणि त्यावर नुसती मोमेंटची आकृती.

एरवी वळणबाईनं पेन्सिल उचलली असती. त्या दिवशी तिनं ती खणात टाकली आणि खण धाडकन लावला. तिनं चक्क रुसून काम केलं. लहान मुलं जेवणावर रुसतात, वळणबाई चित्रावर रुसली. आकृती पाहिली, वाचली, आणि सरळ सळ्या मांडल्या. डोक्याजवळ आकृती खांबाच्या बाहेर फुगलेली होती. तिच्या हिशेबी ती दाबाची बाजू, म्हणून जादा सळ्या तिनं आतल्या बाजूला दिल्या. पायाशी आकृती आत होती, तिथल्या जादा सळ्या बाहेरच्या बाजूला. सळ्यांचे सांधे पलटीजवळ, म्हणजे पायापासून खांबाच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर. सही केली. मॅडमनं सळ्यांची जाडी मोजली, संख्या मोजली, सांधे मोमेंट शून्य आहे तिथंच आहेत ना ते पाहिलं. सगळं जागच्या जागी. तिनंही सही केली आणि ड्रॉइंग साइटवर गेलं.

पाच आठवडे गेले. एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला मॅडम खुर्ची ओढून वळणबाईच्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, माझं एक काम आहे. रागावणार नसाल तर सांगते."

"सांगा की. मी कशाला रागावू?" वळणबाई म्हणाली. ती पाच आठवडे रागावलेलीच होती.

"उद्या हॉलच्या मालकांना फ्रेम समजावून सांगायचीय. पडद्यावरचा आकार दाखवला तर त्यांना वाटतं कार्टून आहे. तुम्ही हातानं कसं काढता ते मला शिकवा. मला खरंच येत नाही. कॉलेजात बटणच दाबलं आम्ही."

बस्स, एवढंच हवं होतं. वळणबाईचा राग क्षणात विरघळला. तिनं खण उघडला, पेन्सिल काढली, तिला टोक केलं आणि मोठ्या साहेबांच्या थाटात म्हणाली, "आणा आकृती. अख्ख्या फ्रेमची आणा, तुकडे नकोत."

मॅडमनं पूर्ण फ्रेमचा कागद समोर ठेवला. वळणबाईनं त्यावर ट्रेसिंगचा तुकडा ठेवला आणि सुरुवात केली.

"हे बघा. आधी आकृती कुठं शून्य होते ते शोधायचं. तुळईत दोन जागा, दोन्ही टोकांच्या जरा आत. प्रत्येक खांबात एक, पायापासून तिसऱ्या हिश्शावर. ही झाली पलटी. इथं वळण बाजू बदलणार, म्हणून टिंब द्यायचं. आता दोन टिंबांच्या मधे एकच बाजू. तुळईचा मधला भाग घ्या. आकृती खाली आहे, म्हणजे दाब खाली, ताण वर, म्हणजे तुळई..."

पेन्सिलीनं वर फुगणारी कमान काढली आणि वळणबाई मधेच हसली. "मॅडम, तुमचा प्रोग्रॅम आज प्यायलाय वाटतं. छताचं वजन अंगावर घेऊन तुळई वर फुगतेय! असं वजन मिळालं तर मी पण घेते."

मॅडमही हसली. मग तिनं कागद सरळ करून पाहिला. "नाही मावशी, बरोबर आहे की. आकृती खाली, म्हणजे ताण खाली. तुळई मधे पोट सोडणार."

"आकृती दाबाच्या बाजूला काढतात."

"मी ताणाच्या बाजूला काढते. आमच्याकडे तसंच शिकवायचे. प्रोग्रॅममध्येही मी तसंच ठेवलंय."

वळणबाईच्या हातातली पेन्सिल थांबली. मोठ्या साहेबांनी आयुष्यभर आकृती दाबाच्या बाजूला काढली. या ऑफिसात चौतीस वर्षं तीच रीत होती, इतकी की ती रीत आहे हेच सगळे विसरून गेले होते. दोन्ही रीती बरोबर. फक्त कागद कुणाचा ते माहीत हवं. मॅडम अजून चित्राकडेच बघत होती. तिच्या काही लक्षात आलं नव्हतं.

वळणबाईनं दुसरा ट्रेसिंगचा तुकडा घेतला आणि पुन्हा काढलं. तुळई मधे खाली झुकली. टोकांकडे पलटी खाऊन ताण वरच्या बाजूला गेला. डावा कोपरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरला. कोपरा एकसंध, त्याचा काटकोन मोडता येत नाही. तुळई झुकली की तो तसाच्या तसा फिरतो आणि खांबाला बाहेर ढकलतो. खांबाचं डोकं जागेवर, पण त्याच्या खालचा भाग बाहेर फुगला. बाहेर फुगला म्हणजे ताण बाहेर. मग तिसऱ्या हिश्शावर पलटी, आणि खांब पायाशी सरळ उभा.

ताण बाहेर. आणि तिनं जादा सळ्या घातल्या होत्या आत.

त्या दिवशी हे चित्र काढलं असतं तर तुळई आणि खांब कोपऱ्यात एकमेकांशी जुळलेच नसते. काटकोन मोडल्याशिवाय चित्र पुरं झालंच नसतं, आणि तिथंच तिनं जीभ चावली असती. सांधे मात्र बरोबर पडले होते, कारण आकृती या बाजूला काढा नाहीतर त्या, शून्य जिथल्या तिथंच असतं. मॅडमनं तपासताना नेमकं तेवढंच पाहिलं होतं.

एक गोष्ट इथं लपवून चालणार नाही: वळणबाईच्या मनात आलं, की गप्प बसावं. हॉल काही उद्या पडत नाही. सात महिने तर उरलेत. हा विचार तिच्या मनात किती वेळ राहिला ते तिनंच नंतर नवऱ्याला सांगितलं, एक घोट पाणी पिण्याइतका. पण आला होता, आणि त्याची लाज तिला चुकीपेक्षा जास्त वाटली.

तिनं पाण्याचा पेला उचलला, घोट घेतला आणि खाली ठेवला. "मॅडम, हॉलच्या खांबांत माझ्या हातून सळ्या उलट्या गेल्यात. बाराच्या बारा फ्रेममध्ये. फोन करा, काँक्रीट थांबवा."

मॅडमनं ड्रॉइंग उघडलं, पाहिलं, आणि फोन उचलला. दोन वाक्यं ऐकून तिनं डोळे मिटले. "पहिल्या फ्रेमचे दोन्ही खांब परवा ओतले. बाकीचे नुसते बांधलेत."

"चला," वळणबाई म्हणाली.

साइटवर ऊन मी म्हणत होतं. अकरा फ्रेमचे सळ्यांचे पिंजरे रांगेत उभे होते आणि त्यांच्या टोकाला दोन करडे खांब. मुकादम पुढं आला. सळ्या बांधणारा हा माणूस वळणबाईच्या ड्रॉइंगवर वीस वर्षं काम करत आला होता. पिंजऱ्यावर हात ठेवला की कुठली गाठ सैल आहे ते त्याला कळे. वळणबाईनं त्याला पिंजऱ्याशी नेलं आणि सांगितलं काय झालं ते, आडपडदा न ठेवता.

मुकादमानं आतल्या जाड सळीवर बोट ठेवलं. "बाई, एक बोलू का? मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"तुळईच्या वरच्या सळ्या वाकून खांबाच्या बाहेरच्या अंगाला उतरतात, आणि खांबाच्या जाड सळ्या आतल्या अंगाला. कोपऱ्यात ताण एक तर दोन्हीकडून आत, नाही तर दोन्हीकडून बाहेर, एवढं मलाही कळतं. पोरं विचारत होती. मी म्हटलं, खाली सही बघा कुणाची आहे. बाईंनी काढलंय म्हणजे काहीतरी कारण असणार. आपण अक्कल चालवायची नाही."

वळणबाईला भडभडून आलं. चौतीस वर्षं जपलेली ती कमाई. तिच्या सहीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत, याचा तिला केवढा अभिमान. आणि नेमकं त्या मिटलेल्या डोळ्यांनी दोन खांब उलटे उभे केले होते. तिथं, पोरांच्या देखत, ती रडली. मॅडमनं तिचा दंड धरला.

ऑफिसात परतल्यावर मॅडमनं रात्रीच्या आत गणित पुन्हा केलं. ओतलेल्या खांबांत बाहेरच्या बाजूचं लोखंड गरजेच्या जेमतेम निम्मं भरत होतं. काही जुगाड करून ते खपवता आलं असतं का, हे तिनं तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा उत्तर नाही आलं. खांब पाडायचे ठरले. वळणबाईनं चूक आपली असल्याचं पत्र लिहून आताच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मॅडमनं त्याच्यावर आपलं पत्र ठेवलं: आकृती कुठल्या बाजूला काढलीय ते मी कागदावर लिहिलं नव्हतं आणि बाजू तपासलीही नव्हती. दोघींत त्यावरून चांगलीच जुंपली. "माझी चूक मला पुरी घेऊ द्या की!" वळणबाई ओरडली. "अर्धी माझी आहे, मी का देऊ?" मॅडमही ओरडली. साहेबांनी दोन्ही पत्रं एकाच फाइलला लावली आणि दोघींना कामाला जा म्हणून सांगितलं. हॉलचे मालक मात्र वळणबाईचं नाव घेऊन फोनवर काय काय बोलले, ते साहेबांनी तिला कधीच पुरतं सांगितलं नाही. अर्धं पुरेसं होतं.

घरी शिंप्यानं सगळं ऐकलं. या वेळी त्यानं विनोद केला नाही. तो म्हणाला, "उलटं शिवलेलं मी आयुष्यभर उसवत आलोय. उसवताना गिऱ्हाईक समोर बसलं असलं की फार लागतं. पण तू जा. समोर उभी राहा."

म्हणून ती गेली. खांब फोडले त्या दोन्ही दिवशी ती साइटवर उभी होती. ठोके पडत होते, धुळीनं केस पांढरे झाले, आणि कुणी तिला घरी जा म्हटलं की ती मान हलवायची. बाकीच्या अकरा फ्रेममध्ये जादा सळ्या सोडवून पुन्हा बांधणं सुरू झालं होतं. डोक्याकडच्या बाहेर, पायाकडच्या आत.

तिसऱ्या दिवशी पहिल्या फ्रेमचा पिंजरा नव्यानं उभा करायची वेळ आली. मुकादम दुरुस्त केलेलं ड्रॉइंग घेऊन आला आणि सवयीनं खालची सही बघून घडी घालायला लागला.

"थांबा," वळणबाई म्हणाली. "घडी घालू नका. सगळ्यांना बोलवा."

सळ्या बांधणारे आठ जण गोळा झाले. मॅडमही आली. वळणबाईनं शटरिंगची, म्हणजे काँक्रीटच्या साच्याची, एक फळी भिंतीला टेकवून उभी केली, जमिनीवरचा विटेचा तुकडा उचलला आणि फळीवर फ्रेम काढली. मग ती वाकवली. तुळईचं पोट, टोकाची पलटी, फिरलेले कोपरे, बाहेर फुगलेले खांब. समजावून काही सांगितलं नाही. नुसती बाजूला झाली आणि मुकादमाकडे वळली.

"वीस वर्षं तुम्ही माझी सही बघून काम केलंत. इथून पुढं माझी सही दिसली की आधी शंका घ्यायची. माझी शपथ आहे म्हणा. हे चित्र मी काढलंय. आता सांगा, बरोबर आहे का?"

मोठ्या बाईला चूक कोण दाखवणार? मुकादमानं टोपी मागं सरकवली. चित्राजवळ गेला. तुळईवरून बोट फिरवलं, कोपऱ्याशी थांबला, दोन्ही अंगांना ताण बाहेर आहे ना ते पाहिलं, मान डोलावली. खांबावरून बोट खाली आणलं. पायाशी आल्यावर ते थबकलं. त्यानं एकदा वळणबाईकडे पाहिलं, एकदा चित्राकडे.

"बाई... पाय घट्ट रोवलाय ना आपला?"

"हो."

"मग खांब पायातून सरळ उभाच निघायला पाहिजे. तुम्ही तर तो पायापासूनच बाहेर कलता काढलाय. अशानं पायच फिरला की. आणि मग ती खालची पलटी राहील कुठं?"

वळणबाईनं पुढं होऊन पाहिलं. खरंच होतं. घाईत विटेची रेघ पायापासूनच तिरकी गेली होती. मॅडमनं ओठ दाबले.

"चुकलंच की," वळणबाई म्हणाली. तिनं तळहातानं ती रेघ पुसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं, इतकं की हसू लपवता येईना. तिनं विटेचा तुकडा मुकादमाच्या हातात दिला.

"घ्या, तुम्ही काढा. आणि बाकीच्यांनो, ते काढतात तेवढ्यात बघत बसू नका. तपासा."